'असू शकते', 'सूचित होते', 'बहुधा': विज्ञानलेखनातल्या सावध शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्रज्ञ सरळ 'आहे' किंवा 'नाही' का म्हणत नाहीत? हातचं राखून बोलायची सवयच असते का त्यांना?

सवय असते खरी, आणि काही वेळा ती नुसती सवयच असते. पण चांगल्या शोधनिबंधात सावध शब्द एका ठरावीक जागी बसलेला असतो. संशोधकाने काहीतरी मोजलेले असते आणि त्यावरून त्याला काहीतरी म्हणायचे असते. मोजलेले आणि म्हणायचे यांत अंतर उरते. ते जिथे उरते तिथे इंग्रजीत 'मे', 'सजेस्ट्स' किंवा 'लाइकली' येतो, म्हणजे आपले अनुक्रमे 'शकते', 'सूचित होते' किंवा 'बहुधा'. म्हणून वाचताना तो शब्द ओलांडून पुढे जायचे नाही. तो वाक्यातल्या कोणत्या भागाला चिकटलाय ते पाहायचे, कारण त्याच भागापुरता निष्कर्ष अडवलेला असतो. उरलेले वाक्य लेखक ठामपणे म्हणत असतो.

'मे', 'सजेस्ट्स' आणि 'लाइकली' या एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत ना? कमी खात्री, मध्यम खात्री, जास्त खात्री?

नाही, आणि बहुतेक गोंधळ या समजुतीतूनच होतो. तिन्ही शब्द वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

'हे औषध रक्तदाब कमी करू शकते' या वाक्यात फक्त एक दार उघडे ठेवले आहे. किती उघडे, ते सांगितलेले नाही. वाक्यापुढे 'किंवा करणारही नाही' असे जोडून बघा. वाक्य खोटे पडत नाही, स्वतःशी भांडतही नाही. जे वाक्य आपल्या नकाराबरोबर गुण्यागोविंदाने नांदते, त्यातून 'औषध काम करते' हा निष्कर्ष काढता येत नाही. शक्यतेचा आकडाही काढता येत नाही. ही कल्पना तपासून पाहण्याजोगी आहे, एवढेच हाती लागते.

'आकड्यांवरून असे सूचित होते की हे औषध रक्तदाब कमी करते' या वाक्यात बोलतात ते आकडे, औषध नव्हे. या आकड्यांचे बोट कुठे वळले आहे, एवढेच वाक्य सांगते. दुसऱ्या प्रयोगाचे बोट उलट दिशेला वळू शकते, आणि तरीही दोन्ही निबंध आपापल्या जागी बरोबर राहतात.

'हे औषध बहुधा रक्तदाब कमी करते' या वाक्यात मात्र लेखक पैज लावतो. होण्याची बाजू न होण्याच्या बाजूपेक्षा जड आहे, असे तो म्हणतो. असे अंदाज बरेच जमले की ते किती वेळा खरे ठरले, याचा हिशेब मांडता येतो. 'शकते'चा असा हिशेब कधीच होत नाही.

एखादे खरे उदाहरण घेऊन दाखवाल का?

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचे, म्हणजे आयपीसीसीचे, अहवाल यासाठी उत्तम. एकाच प्रश्नाचे उत्तर त्यांनी पाच अहवालांत पाच वेगळ्या सावधपणाने दिले आहे. तापमानवाढीला माणूस किती जबाबदार, हा तो प्रश्न.

१९९५ च्या दुसऱ्या अहवालाचे म्हणणे असे: पुराव्यांचा एकूण तोल पाहता जागतिक हवामानावर माणसाचा ओळखू येण्याजोगा प्रभाव असल्याचे सूचित होते. यात सावधपणा दोन ठिकाणी आहे. एक क्रियापदात, 'सूचित होते'. दुसरा विशेषणात, 'ओळखू येण्याजोगा'. हा प्रभाव मोठा आहे की लहान, याबद्दल वाक्य गप्प आहे. माद्रिदच्या बैठकीत या विशेषणावर बराच खल झाला होता. तो का झाला असेल हे समजण्यासारखे आहे, कारण वाक्याचा सगळा भार त्याच शब्दावर आहे.

२००१ च्या तिसऱ्या अहवालात: गेल्या ५० वर्षांत दिसलेल्या तापमानवाढीपैकी बहुतांश वाढ बहुधा हरितगृह वायू वाढल्यामुळे झाली. इथे 'सूचित'च्या जागी 'बहुधा' आले, आणि त्याच वेळी दावाही वाढला. 'ओळखू येण्याजोगा प्रभाव'वरून गोष्ट 'बहुतांश वाढ'वर गेली.

२००७ मध्ये 'बहुधा'चे 'अतिशय संभाव्य' झाले. २०१३ मध्ये 'अत्यंत संभाव्य' झाले आणि माणसाच्या प्रभावाला विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या वाढीचे मुख्य कारण म्हटले गेले. २०२१ मध्ये सावध शब्द गेलाच: माणसाच्या प्रभावाने वातावरण, महासागर आणि जमीन तापली आहे हे निःसंशय आहे.

यावरून 'शास्त्रज्ञांची खात्री वाढत गेली' असे म्हणणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. २०२१ चे वाक्य पुन्हा वाचा. त्यात 'बहुतांश' नाही आणि 'मुख्य कारण'ही नाही. 'माणसाने तापवले' एवढेच आहे. त्या वाक्यापुरता दावा लहान ठेवला आणि म्हणूनच तो निःसंशय म्हणता आला. किती तापवले, हे त्याच अहवालात थोडे पुढे येते आणि तिथे सावध शब्द लगेच परततो. १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ 'बहुधा' ०.८ ते १.३ अंश सेल्सिअस, सर्वोत्तम अंदाज १.०७ अंश. प्रत्यक्ष मोजलेली वाढ साधारण १.०६ अंश, म्हणजे जवळजवळ सगळीच वाढ माणसाच्या खात्यावर जाते.

एकाच पुराव्यावर दोन वाक्ये उभी राहू शकतात: मोठा दावा आणि 'बहुधा', किंवा लहान दावा आणि 'निःसंशय'. दोन अहवालांची तुलना करताना नुसते सावध शब्द शेजारी ठेवले तर चुकायला होते. त्या शब्दापुढे काय म्हटले आहे तेही शेजारी ठेवावे लागते.

मग २००७ मध्ये 'पृथ्वी तापतेय याची शास्त्रज्ञांना ९० टक्के खात्री' असे जे सांगितले गेले, ते बरोबर होते का?

चूक होते. शब्द कुठे चिकटलाय ते न पाहिल्यामुळे झालेली ही चूक आहे. २००७ च्या अहवालात दोन वेगळी वाक्ये आहेत. हवामानप्रणाली तापते आहे हे निःसंशय आहे, असे एक वाक्य म्हणते, आणि त्याला कसलीही मर्यादा घातलेली नाही. त्या वाढीपैकी बहुतांश वाढ मानवनिर्मित हरितगृह वायूंमुळे झाली हे अतिशय संभाव्य आहे, असे दुसरे वाक्य म्हणते. ९० टक्के हा आकडा दुसऱ्या वाक्याचा, आणि तिथेही तो 'बहुतांश'साठी आहे. उरलेल्या १० टक्क्यांचा अर्थ 'पृथ्वी तापत नसेल' असा होत नाही. 'माणसाचा काहीच हात नसेल' असाही होत नाही. वायूंचा वाटा निम्म्याहून कमी निघू शकतो, एवढाच तो अर्थ आहे.

९० टक्के हा आकडा आला कुठून?

तिसऱ्या अहवालापासून आयपीसीसीने शब्दांना आकडे बांधून दिले. आज 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०, 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे किमान ९५ आणि 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे किमान ९९. खालच्या बाजूला 'अनलाइकली' म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत. १९९५ मध्ये ही पट्टी नव्हती, म्हणून त्या वर्षीच्या 'सूचित होते'चे टक्क्यांत रूपांतर कुणी करून दाखवले तर ते त्याच्या पदरचे समजावे.

यात एक बारकावा आहे. २००१ च्या पट्टीत 'लाइकली'ला वरची मर्यादा होती, ६६ ते ९० टक्के. २००७ पासून ती काढली गेली आणि 'लाइकली' म्हणजे ६६ च्या वर काहीही झाले. शब्द तोच राहिला, त्याचा आवाका बदलला. जुन्या अहवालातला 'लाइकली' वाचून 'म्हणजे ९० च्या खाली' असे म्हणता येते. नव्यातला वाचून तसे म्हणता येत नाही.

पल्ला दिला असेल तिथेही हीच पट्टी लागते. ०.८ ते १.३ अंश हा 'लाइकली' पल्ला आहे, म्हणजे खरा आकडा त्याच्या बाहेर असण्याची शक्यता तीनात एक इतकीही असू शकते. पल्ल्याची टोके म्हणजे भिंती नव्हेत.

शब्दाला आकडा बांधला की वाचकाचा प्रश्न सुटतो?

फारसा नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आयपीसीसीचीच वाक्ये लोकांना वाचायला देऊन त्यांचा अर्थ टक्क्यांत विचारला. लोकांनी 'व्हेरी लाइकली'चा अर्थ ९० च्या बराच खाली लावला, आणि शक्यता फारच कमी असल्याचे सांगणाऱ्या शब्दांचा अर्थ वर ओढला. दोन्हीकडून मधल्याच भागाकडे. शब्दाशेजारीच आकडा छापला तेव्हा फरक पडला. परिशिष्टातली पट्टी कुणी उघडून बघत नाही, हे मीही स्वतःवरून सांगू शकतो.

याची एक जुनी गोष्ट विज्ञानाच्या बाहेरची आहे. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' असल्याचे लिहिले. नंतर त्यांच्यातल्याच शर्मन केंट यांनी अहवाल तयार करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना याचा अर्थ आकड्यांत विचारला. उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. सगळ्यांची एका शब्दावर सहमती झाली होती, पण प्रत्येकाने वेगळेच वाक्य मान्य केले होते.

सगळ्या शास्त्रांत ही पट्टी एकच आहे का?

नाही, आणि शब्द सारखे असल्यामुळे फसगत होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आणि प्रक्रिया केलेले मांस 'कर्करोगकारक' या पहिल्या गटात. त्याच पहिल्या गटात तंबाखूचा धूरही आहे. लगेच 'हे मांस सिगारेटइतकेच घातक' असे मथळे आले. पण हे गट धोक्याचा आकार सांगत नाहीत. ही वस्तू कर्करोग घडवू शकते, याचा पुरावा किती भक्कम आहे एवढेच ते सांगतात. इथला 'बहुधा' तुम्हाला कर्करोग होण्याच्या शक्यतेशी जोडला तर वाक्याचा अर्थच बदलतो.

वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणारी कॉक्रेन ही संस्था आणखी वेगळी पद्धत सुचवते. पुराव्याची खात्रीलायकता मध्यम असेल तर 'प्रोबॅबली' लिहायचे, कमी असेल तर 'मे', आणि अगदीच कमी असेल तर 'पुरावा फार अनिश्चित आहे' असे थेट सांगायचे. म्हणजे कॉक्रेनच्या आढाव्यात 'मे' हा मोघम शब्द नसून एक शेरा आहे. तोच 'मे' साध्या निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात आला तर त्याला असला काही आधार नसतो. आधी दस्तऐवज कुणाचा ते पाहायचे, मग शब्द वाचायचा.

निबंधात तीन-चार 'बहुधा' लागोपाठ आले, तर शेवटच्या निष्कर्षाला किती वजन द्यायचे?

इथे साधा गुणाकार करा. समजा युक्तिवाद असा आहे: हे रसायन बहुधा पेशीत शिरते, शिरले तर ते बहुधा एक प्रथिन अडवते, ते अडले तर बहुधा सूज कमी होते. प्रत्येक 'बहुधा'ला ७० टक्के धरले तर तिन्ही कड्या टिकण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.३४३. प्रत्येक पायरीवर बाजू जड होती, पण शेवटी या मार्गाने सूज कमी होण्याची शक्यता तीनात एकाच्या आसपास उरली. शेवटच्या ओळीत 'त्यामुळे हे रसायन बहुधा सूज कमी करते' असे लिहिले असेल, तर ती ओळ स्वतःच्याच आधारावर उभी नाही. अशी साखळी मी वाचताना समासात पेन्सिलीने मोजतो. चौथ्या कडीनंतर बहुतेक वेळा मोजायची गरजच उरत नाही.

साखळीत एकही 'शकते' आले, तर आकडाही काढता येत नाही. सगळा निष्कर्ष 'शकते'वरच थांबतो, बाकीच्या कड्या कितीही पक्क्या असल्या तरी.

एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे जेव्हा एकाच निष्कर्षाकडे येतात, तेव्हा मात्र हिशेब उलटा चालतो. तिथे कड्या एकापुढे एक जोडलेल्या नसतात, दोर शेजारी-शेजारी बांधलेले असतात. एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. हवामानाच्या बाबतीत झाले ते असे. जमिनीवरची आणि समुद्रातली मोजमापे, खालचे वातावरण तापत असताना वरचे थंड होणे, आणि माणसाचा वाटा वगळला तर ही वाढ घडवू न शकणारी प्रारूपे, या सगळ्यांचे बोट एकाच दिशेला होते. 'सूचित होते'पासून 'निःसंशय'पर्यंतचा प्रवास अशा दोरांमुळे झाला. एकट्या प्रयोगाने तो सहसा होत नाही.

सावध शब्द बातमीपर्यंत येईतो गायब कसे होतात?

आपण पटकन पत्रकारांना दोष देतो. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रके मूळ निबंधांशी ताडून पाहिली गेली. नुसत्या सहसंबंधाला कार्यकारणाचे रूप देणे, म्हणजे 'यासोबत ते आढळले'चे 'यामुळे ते घडले' करणे, हा प्रकार ३३ टक्के पत्रकांतच होता. बातमीदाराच्या हाती येण्याआधीच शब्द गळलेला होता.

पत्रकात असा फुगवटा असेल तर बातमीतही तो असण्याचे प्रमाण ८१ टक्के होते, नसेल तर १८ टक्के. यावरून 'पत्रकांमुळेच बातम्या फुगतात' असे लिहायचा मोह होतो. पण हा अभ्यास निरीक्षणाचा होता. पत्रक आणि बातमी दोन्ही फुगायला तिसरेच काही कारण असू शकते, उदाहरणार्थ विषयच सनसनाटी असणे. तेव्हा त्याबद्दलही 'सूचित होते' हाच शब्द योग्य.

मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरायचा?

सगळ्यात घोटाळ्याचा शब्द म्हणजे 'शक्यता आहे'. तो 'मे'साठीही चालतो आणि 'लाइकली'साठीही, म्हणून दोन्हींमधला फरक पुसून टाकतो. एका भाषांतरात मी दोन्हीकडे 'शक्यता आहे' लिहिले होते. संपादकांनी विचारले, 'अहो, पहिली शक्यता मोठी की दुसरी?' मला मूळ निबंध पुन्हा उघडावा लागला. तेव्हापासून 'मे'साठी 'शकते', आणि 'लाइकली'साठी 'बहुधा' किंवा 'दाट शक्यता' असा नेम ठेवला आहे.

खरे तर मराठी क्रियापदातच छान सोय आहे. 'पाऊस पडला असेल' हा नुसता अंदाज. 'पाऊस पडला असावा' म्हटले की बोलणाऱ्याने ओले अंगण पाहिले आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. 'सजेस्ट्स'च्या जवळ जाणारे रूप मला हे 'असावा'च वाटते. 'सूचित करते' बरोबर आहे, पण त्याला परिपत्रकाचा वास येतो. 'यावरून असे दिसते' हे मात्र जपून वापरावे, कारण वाचक 'दिसते'चा अर्थ 'डोळ्यांनी पाहिले' असा घेतो.

आणि शब्दाची जागा. 'बहुधा माणसामुळे पृथ्वी तापली' या वाक्यात 'बहुधा' नेमका कशाला लागू आहे? माणसाला की तापण्याला? 'पृथ्वी तापली, आणि ती बहुधा माणसामुळे' असे मोडून लिहिले की २००७ च्या बातम्यांतली चूक करायला जागाच उरत नाही. वाक्य थोडे लांबते, लांबू द्यावे.

'परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही' म्हणजे 'परिणाम होत नाही' ना?

नाही. पहिले वाक्य शोधण्याबद्दल आहे, दुसरे जगाबद्दल. वीस जणांवर केलेल्या प्रयोगात लहान परिणाम बहुतेक वेळा निसटतोच. पुरावा मिळाला नाही असे वाचले की प्रयोग किती मोठा होता ते आधी बघा. हजारो लोकांवर नीट शोधूनही सापडला नसेल, तर 'परिणाम असलाच तर फार लहान असावा' असे म्हणता येते. इथे 'असावा' शोभतो.

सावध शब्द जास्त झाले, तर ती अधिक प्रामाणिकता समजायची का?

'या निष्कर्षांवरून असा संबंध सूचित होण्याची शक्यता असू शकते.' असली वाक्ये छापून येतात. यात तीन कुलपे आहेत आणि आत काहीच नाही. मी अशा वाक्याला एकच प्रश्न विचारतो: उद्या काय सापडले तर हे खोटे ठरेल? उत्तर नसेल, तर लेखकाने मर्यादा सांगितलेली नाही, स्वतःची सुटका करून घेतली आहे.

याचा उलटा प्रकार जास्त त्रासदायक आहे. चर्चेच्या भागात लेखक शहाण्यासारखे 'सूचित होते' लिहितो आणि शीर्षकात 'कमी करते' असे ठोकून देतो. दोन्ही जागी दावा एकच आणि पुरावाही एकच, मग शब्द वेगळे का? असे दिसले की मी चर्चेतला शब्द धरतो आणि शीर्षकावर काट मारतो.

सावध शब्द असलेल्या निष्कर्षावर निर्णय घ्यायचाच नाही का?

निष्कर्ष आणि निर्णय यांचे उंबरठे वेगळे असतात. पूल 'कोसळू शकतो' एवढे कळले तरी रहदारी थांबवणे शहाणपणाचे ठरते, कारण चूक झाली तर तिची किंमत प्रचंड आहे. उलट 'बहुधा उपयोगी' असलेले औषध, त्याचे दुष्परिणाम जड असतील तर, नाकारणेही रास्त ठरते. पण पूल बंद केला म्हणून तो 'कोसळणार होता' असे नंतरच्या अहवालात लिहिता येत नाही. तिथे शब्द 'शकत होता' हाच राहतो.